टाइप-सी पोर्टवर वायरचे इयरफोन : अडॅप्टर निवडण्यापासून कानाने पारखण्यापर्यंत

नवा फोन घेतला, त्याला ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक नाही, आणि घरात जपून ठेवलेले वायरचे चांगले इयरफोन आहेत, अशा स्थितीत असलेल्या संगीतप्रेमी वाचकांसाठी हा लेख आहे. बाजारात टाइप-सीला जोडायचे अडॅप्टर शंभर रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतात आणि बाहेरून ते जवळजवळ सारखेच दिसतात. यांपैकी काही तुमच्या फोनवर अजिबात वाजणार नाहीत, काही वाजतील पण आवाज निम्मा येईल, तर काही साधे आणि स्वस्त असूनही उत्तम निघतील. हा फरक किमतीवरून समजत नाही. अडॅप्टरच्या आत काय आहे आणि तुमचा फोन पोर्टमधून काय बाहेर देतो, या दोन गोष्टी जुळल्या की बाकीचे प्रश्न सोपे होतात. म्हणून पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

सुरुवातीला हाताशी काय हवे

- फोनचे नेमके मॉडेल. ते सेटिंग्जमधील About phone या पानावर मिळते.
- इयरफोनच्या खोक्यावरील किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरील दोन आकडे : इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा (ओहममध्ये), आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा आवाज येतो ते (डेसिबलमध्ये).
- अडॅप्टर तपासण्यासाठी टाइप-सी पोर्ट असलेला एखादा लॅपटॉप.
- तुम्हाला पूर्ण पाठ असलेली दोन ध्वनिमुद्रणे. त्यांतील एकात तानपुरा स्पष्ट ऐकू येत असावा आणि दुसरे जुने, मोनो असावे.
- एक पॉवर बँक. तिचा उपयोग आठव्या पायरीत होईल.

१. डॅक कुठे बसला आहे हे ओळखा

फोनमधील गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. इयरफोनच्या पडद्याला हलवण्यासाठी मात्र कमी-जास्त होणारा विद्युतदाब लागतो. आकड्यांचे दाबात रूपांतर करणाऱ्या चिपला डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, म्हणजेच डॅक म्हणतात. त्याच्या पुढे इयरफोनला पुरेशी शक्ती देणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, आणि हल्ली बहुधा दोन्ही एकाच चिपमध्ये बसवलेले असतात. जुन्या फोनमध्ये हे सगळे फोनच्या पोटात असे आणि जॅकमधून तयार आवाज बाहेर येई. टाइप-सी पोर्टवर मात्र दोन वेगळ्या रीती चालतात.

पहिल्या रीतीत फोन स्वतःच्या डॅकमधून निघालेला तयार अ‍ॅनालॉग आवाज टाइप-सी पोर्टच्या काही पिनांवर सोडतो. एरवी ज्या दोन पिनांवरून डेटा जातो, त्यांवरून डावा आणि उजवा आवाज जातो. अडॅप्टरमध्ये चिप नसते, फक्त तारा असतात. दोन्ही टोकांची जोडणी ओळखता यावी म्हणून अडॅप्टर फोनला दोन विशिष्ट पिनांवरून खूण देतो, आणि ती दिसल्यावर फोन आपला अ‍ॅनालॉग आवाज तिकडे वळवतो. याला अ‍ॅनालॉग किंवा पॅसिव्ह अडॅप्टर म्हणतात.

दुसऱ्या रीतीत फोन पोर्टमधून फक्त आकडे आणि थोडी वीज बाहेर देतो. डॅक व अ‍ॅम्प्लिफायर अडॅप्टरच्या त्या छोट्याशा गुंडाळीत किंवा टाइप-सी इयरफोनच्या वायरीतच बसलेले असतात. अशा वेळी फोनमधील डॅक, तो कितीही चांगला असला, तरी कामाला लागतच नाही. आवाजाचा दर्जा पूर्णपणे अडॅप्टरवर अवलंबून राहतो.

दुकानात ‘या फोनचा साऊंड फार चांगला आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा ते विधान स्पीकरबद्दल आहे की हेडफोनबद्दल, आणि हेडफोनबद्दल असले तर ते कोणत्या रीतीने जोडलेल्या हेडफोनबद्दल आहे, हे विचारायला हवे. डिजिटल अडॅप्टर लावला की दोन वेगळ्या कंपन्यांच्या फोनमधील फरक बहुतांशी पुसला जातो, आणि दहा वर्षे जुन्या फोनमधूनही तोच आवाज मिळू शकतो. अडॅप्टरच्या निवडीकडे फोनच्या निवडीइतकेच लक्ष द्यावे, असे मी म्हणतो ते यामुळे.

२. तुमचा फोन कोणत्या रीतीचा आहे ते पाहा

शाओमीच्या मी ६ सारखे काही फोन पहिल्या रीतीने चालत. त्यांच्यासाठी मिळणारा बारीक, स्वस्त अडॅप्टर पॅसिव्ह होता. पण २०१७ च्या गूगल पिक्सेल २ पासून आणि २०१९ च्या सॅमसंग गॅलेक्सी नोट १० पासून त्या मालिकांतील फोन डिजिटल रीतीवर गेले. २०२३ मधील आयफोन १५ हा पहिला टाइप-सी आयफोन, तोही डिजिटलच आहे. त्याआधीच्या आयफोन ७ ते १४ या मॉडेलांवरील लाइटनिंग पोर्टही डिजिटलच असल्यामुळे त्याच्या प्रत्येक खऱ्या अडॅप्टरमध्ये डॅक असतोच.

म्हणून नव्या फोनसाठी सुरक्षित नियम असा, की डॅक असलेला, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, अडॅप्टरच घ्यावा. फोन अ‍ॅनालॉग रीतीचा असला तरीही बहुतेक वेळा डॅक असलेला अडॅप्टर त्यावर चालतो. याच्या उलट मात्र होत नाही. डिजिटल फोनवर पॅसिव्ह अडॅप्टर लावला की फोन तो ओळखतो पण वाजवत नाही. काही अँड्रॉइड फोन त्या वेळी पडद्यावर असा संदेश दाखवतात :

```
Analog audio accessory detected
The attached device is not compatible with this phone.
```

हा संदेश दिसला तर फोन बिघडलेला नाही आणि इयरफोनही बिघडलेले नाहीत. अडॅप्टर चुकीच्या जातीचा आहे, इतकाच त्याचा अर्थ आहे. ज्या फोनवर संदेश येत नाही, तेथे गाणे मुकाट्याने फोनच्या स्पीकरमधून सुरू राहते, आणि लोक पोर्ट खराब झाला असे समजून दुरुस्तीच्या दुकानात जातात.

३. अडॅप्टरच्या आत डॅक आहे का, हे घरी तपासा

वेष्टनावर ‘हाय-फाय’ किंवा ‘एचडी साऊंड’ लिहिलेले असणे हा पुरावा नाही. खात्रीचा उपाय लॅपटॉप आहे. अडॅप्टर लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला लावा आणि ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये आवाज बाहेर पाठवण्याच्या उपकरणांची यादी उघडा. अडॅप्टर लावताच यादीत नवे नाव आले आणि काढताच गेले, तर आत डॅक आहे. लॅपटॉपला पॅसिव्ह अडॅप्टर दिसतच नाही. काही अडॅप्टर इयरफोनची पिन आत गेल्यावरच जागे होतात, त्यामुळे तपासताना इयरफोन जोडलेले ठेवावेत.

लिनक्स वापरणाऱ्यांना याहून अधिक माहिती मिळते. पहिल्या आज्ञेने कार्डांचे क्रमांक दिसतात, आणि अडॅप्टरचा क्रमांक १ असेल तर दुसरीने तो कोणते दर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने, स्वीकारतो ते दिसते :

```
cat /proc/asound/cards
cat /proc/asound/card1/stream0
```

येथे Rates या ओळीत ४४१००, ४८०००, ९६००० असे आकडे दिसतील. वेष्टनावर ३८४ किलोहर्ट्झ लिहिलेले असताना इथे ४८००० च्या वर काही नसेल, तर विक्रेत्याचा दावा खोटा आहे हे कळते आणि परतीची मुदत असेपर्यंत वस्तू परत करता येते.

लाइटनिंगच्या बाबतीत एक वेगळाच सापळा आहे. अनेक नकली लाइटनिंग इयरफोन आणि अडॅप्टर जोडताच फोनवर ब्लूटूथ चालू करून जोडणी करायला सांगतात. ते पोर्टमधून फक्त वीज घेतात आणि गाणे बिनतारी मार्गाने, म्हणजे पुन्हा दाबून लहान केलेल्या स्वरूपात, मिळवतात. वायर दिसत असली तरी ते ब्लूटूथचेच इयरफोन आहेत. ब्लूटूथ बंद ठेवून गाणे वाजते का, एवढे पाहिले की ही लबाडी लगेच उघडी पडते.

४. खोक्यावरच्या कोणत्या आकड्यांकडे पाहावे

विक्रीच्या पानांवर सर्वांत ठळक छापलेला आकडा असतो तो ‘३२ बिट / ३८४ किलोहर्ट्झ’. ऐकण्याच्या दृष्टीने हा सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे. सीडीवरील संगीत १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचे असते, आणि माणसाच्या कानाची कमाल मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असल्यामुळे तेवढ्यात ऐकू येणारे सगळे मावते. अ‍ॅपलचा स्वतःचा साधा अडॅप्टर २४ बिट / ४८ किलोहर्ट्झपर्यंतच जातो, तरीही त्याची गणना स्वच्छ आवाजाच्या अडॅप्टरांत होते. चिप ३८४ पर्यंत जाणे आणि तिच्याभोवतीची जोडणी शांत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याऐवजी दोन गोष्टी शोधा. पहिली, आउटपुट व्होल्टेज, म्हणजे अडॅप्टर जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो. दुसरी, आउटपुट इम्पिडन्स, जी जितकी कमी तितकी बरी. ढोबळ नियम असा, की अडॅप्टरची आउटपुट इम्पिडन्स इयरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावी. १६ ओहमच्या इयरफोनसाठी ती दोन ओहमच्या आत हवी. चांगल्या छोट्या अडॅप्टरमध्ये ती एका ओहमच्या आसपास असते. कानात आत बसणारे, आवाज काढणारे अनेक छोटे भाग, म्हणजे ड्रायव्हर, असलेले इयरफोन याबाबत विशेष नाजूक असतात, कारण त्यांची इम्पिडन्स स्वरानुसार बदलते, आणि अडॅप्टरची इम्पिडन्स जास्त असली तर काही पट्टे दबतात व काही उठून येतात. ज्या अडॅप्टरच्या विक्रीपानावर हे दोन्ही आकडे नाहीत आणि चिपचे नावही नाही, तो न घेणे बरे.

अ‍ॅपलच्या टाइप-सी अडॅप्टरबद्दल एक बारकावा माहीत असावा. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. वायरीवर बारीक अक्षरांत A2049 लिहिलेली आवृत्ती सुमारे एक व्होल्ट देते, तर युरोपसाठीची A2155 ही आवृत्ती त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे अर्धा व्होल्ट देते. परदेशातील नातेवाइकांकडून मागवताना ते कोणत्या देशात खरेदी करणार आहेत हे विचारून घ्यावे.

५. आवाज पुरेल का, याचे गणित एकदा करून पाहा

समजा, तुमचे इयरफोन ३२ ओहमचे आहेत आणि त्यांची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल प्रति मिलिवॅट आहे. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले इम्पिडन्स. एक व्होल्ट देणारा अडॅप्टर या इयरफोनला १ ÷ ३२ वॅट, म्हणजे सुमारे ३१ मिलिवॅट देतो. एका मिलिवॅटवरून ३१ वर जाण्याने आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो, म्हणून कमाल मर्यादा ११५ डेसिबल होते. अर्धा व्होल्ट देणाऱ्या अडॅप्टरवर तीच १०९ होते. दोन्ही आकडे कानाला धोकादायक वाटावेत इतके मोठे आहेत, म्हणजे अशा इयरफोनसाठी स्वस्तातला अर्धा व्होल्टही पुरून उरतो, आणि ‘अधिक शक्तीचा’ महाग अडॅप्टर घेण्याचे कारण नाही.

आता ३०० ओहमचे मोठे हेडफोन घ्या. त्यांच्या माहितीत बहुधा सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटवर न देता व्होल्टवर दिलेली असते, उदाहरणार्थ ९७ डेसिबल प्रति व्होल्ट. येथेच पुष्कळ जण फसतात, कारण ९७ आणि १०० हे आकडे जवळचे दिसतात, पण मोजमापे वेगळी आहेत. वरच्या ३२ ओहमच्या इयरफोनची सेन्सिटिव्हिटी व्होल्टवर मांडली तर ती ११५ भरते. म्हणजे खरा फरक तीन डेसिबलचा नसून अठराचा आहे. ३०० ओहमच्या हेडफोनला एक व्होल्टवर जास्तीत जास्त ९७ आणि अर्ध्या व्होल्टवर ९१ डेसिबल मिळतील. आलापाच्या सावकाश ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी शिखरापेक्षा वीसेक डेसिबल खाली असू शकते. मग सरासरी ७७ किंवा ७१ डेसिबल उरते. शांत खोलीत ७७ पुरते, ७१ मात्र ‘आणखी थोडे वाढव’ असे वाटायला लावते. अशा हेडफोनसाठी दोन व्होल्ट किंवा अधिक देणारा अडॅप्टर घेण्याला अर्थ आहे.

मर्यादा दुसऱ्या बाजूनेही लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावे. डॅक बदलल्यावर जुनी व्हॉल्यूमची खूण निरुपयोगी ठरते, म्हणून नवा अडॅप्टर पहिल्यांदा लावताना इयरफोन हातात धरून, व्हॉल्यूम खाली आणून गाणे सुरू करावे, आणि मगच इयरफोन कानात घालावेत.

६. जोडल्यानंतरच्या सेटिंग्ज

ओप्पो, रिअलमी, विवो आणि वनप्लसच्या अनेक फोनवर ओटीजी नावाचा स्विच असतो. तो बंद असेपर्यंत फोन पोर्टमधून वीज बाहेर देत नाही, त्यामुळे डॅक जागा होत नाही. काही फोनवर हा स्विच थोडा वेळ वापर न झाल्यास आपोआप बंद होतो. काल चालणारा अडॅप्टर आज चालेनासा झाला तर आधी हे पाहावे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत OTG टाइप केले की तो सापडतो.

ज्यांनी कधी Developer options उघडलेले आहेत, त्यांनी तेथे Disable USB audio routing बंद आहे ना, हेही पाहावे. ते चालू असेल तर फोन अडॅप्टर ओळखतो पण आवाज तिकडे पाठवत नाही.

आवाज फारच कमी येणे हा सर्वांत सामान्य प्रश्न आहे. कारण असे, की काही अडॅप्टरमध्ये स्वतःचा वेगळा व्हॉल्यूम असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर अ‍ॅपलचा अडॅप्टर लावला की तो आतला व्हॉल्यूम खालच्या पातळीवर राहतो, आणि फोनचा पडद्यावरील दांडा पूर्ण वर नेला तरी आवाज दबकाच राहतो. आयफोनवर किंवा मॅकवर तोच अडॅप्टर पूर्ण जोराने वाजतो. यावर उपाय म्हणजे यूएसबी डॅकशी थेट बोलणारे संगीतवादक अ‍ॅप वापरणे. USB Audio Player PRO हे त्यांपैकी जुने आणि सर्वपरिचित अ‍ॅप आहे, त्यात हार्डवेअर व्हॉल्यूम वेगळा हाताळता येतो. मात्र हा उपाय त्या अ‍ॅपमधून वाजणाऱ्या गाण्यांपुरताच आहे, व्हिडिओ आणि इतर अ‍ॅपांचा आवाज पूर्वीसारखाच राहतो. त्यामुळे अँड्रॉइड वापरणाऱ्यांनी अ‍ॅपलचा अडॅप्टर न घेता दुसऱ्या कंपनीचा घ्यावा, असे माझे मत आहे.

दराचा प्रश्नही याच अ‍ॅपांनी सुटतो. अँड्रॉइडची मूळ यंत्रणा सहसा सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून पुढे पाठवते, मग गाणे ४४.१ चे असले तरी. अँड्रॉइड १४ पासून अ‍ॅपला हा बदल टाळून मूळ दर तसाच डॅकपर्यंत नेण्याची सोय मिळाली आहे, पण ती अ‍ॅपने वापरायला हवी आणि फोननेही पुरवायला हवी. नवागताने या बाबीवर फार वेळ घालवू नये. नीट केलेले ४४.१ ते ४८ हे रूपांतर ऐकून ओळखणे अतिशय कठीण आहे. त्याआधी तपासण्यासारख्या, स्पष्ट ऐकू येणाऱ्या गोष्टी पुढे आहेत.

७. कानाने करायची तपासणी

पहिली तपासणी शांततेची. गाणे सुरू करा, थांबवा, आणि व्हॉल्यूम नेहमीच्या पातळीवर ठेवून कान द्या. काही अडॅप्टर थांबल्यानंतर दोन-तीन सेकंदांनी झोपी जातात आणि झोपताना किंवा जागे होताना ‘टक्’ असा आवाज करतात. तो मध्ये मध्ये येत असेल तर हळुवार सुरुवात असलेल्या गाण्याचा पहिला क्षणही कापला जातो. त्यानंतर तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण लावा. तानपुऱ्याच्या तारांची आस विरत जाते तेथे खाली एकसुरी ‘सूं’ ऐकू येते का, ते पाहा. ती सूं व्हॉल्यूम कमी केल्यावरही तेवढीच राहत असेल तर ती अडॅप्टरची आहे, व्हॉल्यूमबरोबर वाढत-घटत असेल तर बहुधा ध्वनिमुद्रणातच आहे. फार संवेदनशील इयरफोनवर ही सूं सहज ऐकू येते आणि ३०० ओहमच्या हेडफोनवर तोच अडॅप्टर अगदी शांत वाटतो.

दुसरी तपासणी जोडणीची. येथे ठाण्याच्या एका ज्येष्ठ रसिकांचे उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. त्यांनी नव्या फोनसाठी डॅक असलेला चांगला अडॅप्टर घेतला आणि त्यावर माइक असलेले आपले जुने इयरफोन लावले. नव्या चित्रपटगीतांत वाद्ये ऐकू येत होती पण गायिकेचा आवाज दूर, विहिरीतून आल्यासारखा होता. त्याहून विचित्र म्हणजे तबकडीवरून उतरवलेली जुनी मोनो ध्वनिमुद्रणे जवळजवळ ऐकूच येत नव्हती. अडॅप्टर निकृष्ट आहे असे त्यांना वाटले. मी त्यांना वायरीवरील माइकचे बटण दाबून धरायला सांगितले, आणि दाबताक्षणी आवाज भरून आला. सोडल्यावर पुन्हा गेला.

या लक्षणाचे कारण इयरफोनच्या पिनमध्ये होते. माइक असलेल्या पिनवर चार पट्टे असतात : टोकाला डावा आवाज, मग उजवा, आणि उरलेल्या दोनांवर ग्राउंड, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग, व माइक. आजचे जवळजवळ सर्व फोन व अडॅप्टर सीटीआयए या पद्धतीने चालतात, तीत ग्राउंड तिसऱ्या पट्ट्यावर आणि माइक चौथ्यावर असतो. जुन्या नोकियासारख्या फोनांबरोबरच्या इयरफोनमध्ये ओएमटीपी पद्धतीने हे दोन उलट असत. असे इयरफोन सीटीआयए अडॅप्टरवर लावले की दोन्ही कानांचा परतीचा मार्ग थेट ग्राउंडला न मिळता माइकमधून जातो. तो मार्ग जवळजवळ बंद असल्यामुळे दोन्ही ड्रायव्हर एकामागोमाग जोडल्यासारखे होतात आणि कानाला डावा व उजवा यांच्यातील फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. मोनो ध्वनिमुद्रणात तर दोन्ही बाजू पूर्ण सारख्या असतात, म्हणून सगळेच वजा होते. बटण दाबल्यावर माइक शॉर्ट होऊन ग्राउंडचा रस्ता मोकळा होतो आणि आवाज परत येतो.

हेच लक्षण पिन पूर्ण आत न गेल्यानेही दिसते, त्यामुळे आधी ती ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत आत दाबून पाहावी. तरीही तसेच राहिले आणि बटण दाबल्यावर सुधारले, तर ओएमटीपीचे सीटीआयए करणारा छोटा जोड वापरावा, किंवा माइक नसलेले, तीन पट्ट्यांच्या पिनचे इयरफोन घ्यावेत. ठाण्याच्या रसिकांनी दुसरा मार्ग निवडला आणि अडॅप्टर तोच ठेवला.

तिसरी तपासणी चार्जिंगची, ती पुढच्या पायरीशी जोडलेली आहे.

८. ऐकता ऐकता चार्जिंग

एकाच पोर्टमध्ये इयरफोन आणि चार्जर दोन्ही लावणारे वाय आकाराचे जोड मिळतात. ते घेताना दोन प्रश्न विचारावेत : त्यात डॅक आहे का, आणि ते फोनला वीज पुढे देताना पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी ही टाइप-सीची चार्जिंगची पद्धत, पाळतात का. स्वस्त जोडांत बहुधा यांपैकी एक तरी नसते. डॅक नसेल तर डिजिटल फोनवर तो फक्त चार्जिंगचा जोड ठरतो. पीडी नसेल तर चार्जिंग अगदी संथ होते किंवा होतच नाही. जलद चार्जिंगच्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धती अशा जोडातून बहुधा चालत नाहीत, हे गृहीत धरूनच चालावे.

चार्जर लावल्यावर इयरफोनमध्ये ‘भूं’ किंवा किरकिर ऐकू येऊ लागली तर दोष कोणाचा हे पॉवर बँकेने शोधता येते. भिंतीवरचा चार्जर काढून त्याच वायरीने पॉवर बँक लावा. आवाज गेला तर चार्जर दोषी आहे, बऱ्याचदा दोन पिनांच्या स्वस्त चार्जरमधून विजेचा गोंगाट ग्राउंडमार्गे इयरफोनपर्यंत येतो. पॉवर बँकेवरही आवाज राहिला तर जोड दोषी आहे आणि तो परत करावा. ज्यांच्या फोनला बिनतारी चार्जिंग आहे, त्यांना वाय जोडाची गरजच नाही. फोन पॅडवर ठेवून पोर्ट इयरफोनसाठी मोकळा ठेवता येतो.

९. पोर्टची काळजी

टाइप-सीच्या प्रमाणानुसार जोडणी दहा हजार वेळा लावता-काढता येईल अशी बनवलेली असते. रोज काही वेळा लावले तरी ती वर्षानुवर्षे पुरते. खरे नुकसान होते ते बाजूने पडणाऱ्या ताणामुळे. लांब आणि कडक अडॅप्टर फोनच्या खाली तरफेसारखा काम करतो, आणि फोन खिशात किंवा पिशवीत असताना प्रत्येक हालचालीचा दाब पोर्टमधल्या जिभेवर येतो. त्यामुळे आठ-दहा सेंटीमीटरची मऊ वायर असलेला अडॅप्टर घ्यावा, थेट फोनला चिकटणारा ठोकळा घेऊ नये. फोनच्या जाड कव्हरमुळे अडॅप्टर पूर्ण आत बसत नसेल तर चालताना गाणे अचानक थांबते, कारण जोड क्षणभर सुटला की फोन ते इयरफोन काढल्याचे समजतो आणि गाणे थांबवतो. कव्हर काढून हाच प्रकार घडतो का ते पाहावे.

तरीही थांबत असेल तर पोर्टच्या तळाशी खिशातला कापूस दाबून बसलेला असण्याची शक्यता बरीच आहे. फोन बंद करून, उजेडात पाहून, लाकडी दात-कोरणीने तो अलगद बाहेर काढावा. टाचणी किंवा सुई वापरू नये, कारण धातूचे टोक पिना वाकवू शकते. पावसाळ्यात पोर्टमध्ये ओल असल्याचा इशारा काही फोन देतात आणि तोपर्यंत पोर्टचे काम थांबवतात. अशा वेळी फुंकर मारून किंवा हेअर ड्रायरने गरम करून घाई करू नये, फोनचा पोर्ट खाली ठेवून काही तास हवेशीर जागी वाळू द्यावा.

डॅक असलेला अडॅप्टर पोर्टमध्ये लावलेला असताना, गाणे थांबलेले असले तरी, तो फोनची थोडी वीज खात राहतो, आणि अधिक शक्तीचा असेल तर कोमटही होतो. ऐकणे झाले की अडॅप्टर फोनमधून काढावा आणि इयरफोनच्या पिनला तसाच लावून ठेवावा, म्हणजे तो हरवत नाही आणि ३.५ मिलिमीटरच्या जोडाचीही लावणे-काढणे कमी होते.